तिमाही रिपोर्ट लहान करताना आकडे, तारखा आणि युनिट जसेच्या तसे कसे ठेवायचे

तिमाही रिपोर्टचा सारांश चुकतो तेव्हा बहुतेक वेळा आकडा बरोबरच असतो, ४१२.६ चं ४१२.६ च उतरलेलं असतं, पण ते कशाचं, किती महिन्यांचं, कुठल्या युनिटमध्ये आणि कशाच्या तुलनेत हे सगळं वाक्य छाटताना गळून गेलेलं असतं. मोठा रिपोर्ट दीडशे शब्दांत आणायचा म्हटलं की सगळ्यात आधी कात्री लागते ती टेबलाच्या वरच्या बारीक ओळीला, कंसांना आणि तळटिपांना, आणि आकड्याचा अर्थ नेमका तिथेच लिहिलेला असतो. त्यामुळे इथे एकच उदाहरण घेतो, काल्पनिक कंपनी आहे पण आकड्यांची मांडणी अगदी खऱ्या रिपोर्टसारखी, आणि त्याचा सारांश शेवटपर्यंत करून बघू.

कंपनीचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. रिपोर्ट तिसऱ्या तिमाहीचा आहे. टेबलाच्या वर बारीक अक्षरात लिहिलंय: "कन्सॉलिडेटेड, ऑडिट न झालेले, मिलियन डॉलरमध्ये, प्रति शेअर आकडे सोडून".

| | ३१ मार्च २०२५ ला संपलेली तिमाही | ३१ मार्च २०२४ ला संपलेली तिमाही |
|---|---|---|
| महसूल | ४१२.६ | ३८९.९ |
| ऑपरेटिंग प्रॉफिट | ४९.५ | ५०.७ |
| ऑपरेटिंग मार्जिन | १२.०% | १३.०% |
| निव्वळ नफा / (तोटा) | ६.२ | (३.८) |

पुढच्या पानांवर अजून तीन गोष्टी आहेत. नऊ महिन्यांत कामकाजातून आलेली रोख ९६.४. निव्वळ कर्ज ३१ मार्च २०२५ ला ३१०.४ आणि ३० जून २०२४ ला ३४२.०. आणि संचालक मंडळाने ६ मे २०२५ ला प्रति शेअर ०.०२ डॉलर अंतरिम लाभांश मंजूर केला, रेकॉर्ड डेट २३ मे, पेमेंट १२ जून.

आता घाईत केलेला सारांश बघा:

> कंपनीचा महसूल या तिमाहीत ५.८ टक्क्यांनी वाढून ४१२.६ झाला. मार्जिन १ टक्क्याने घटलं. निव्वळ नफा ३.८ वरून ६.२ वर गेला. कंपनीने ९६.४ मिलियन रोख कमावली, वर्षभरात कर्ज ३१.६ मिलियनने कमी केलं आणि ६ मे रोजी लाभांश दिला.

वाचायला छान वाटतं, एकही आकडा मनाने घातलेला नाही, आणि तरी जवळजवळ प्रत्येक वाक्यात काहीतरी बिघडलेलं आहे. एकेक करून बघू.

लिहायच्या आधी आकड्यांची शीट करा

ही पायरी लोक टाळतात कारण वेळ जातो असं वाटतं, पण बाकीचं सगळं काम यामुळे सोपं होतं. रिपोर्ट वाचताना जो आकडा सारांशात जाण्याची शक्यता आहे तो स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत टाका आणि त्याच्यापुढे हे रकाने भरा: आकडा रिपोर्टमध्ये छापलाय तसाच, युनिट आणि चलन, कालावधी किंवा तारीख, तुलनेचा आकडा आणि त्याचा कालावधी, आधार म्हणजे कन्सॉलिडेटेड की फक्त मूळ कंपनीचा, आणि एकवेळचे खर्च वगळून की धरून, आणि शेवटी पान नंबर. रकाना रिकामा राहिला तर तो आकडा अजून सारांशात जायला तयार नाही असं समजा आणि परत रिपोर्टमध्ये जाऊन शोधा.

आकडा पीडीएफमधून कॉपी केला तर एकदा डोळ्यांनी पडताळा. तळटिपेचा बारीक नंबर आकड्याला चिकटून येतो, महसुलाच्या ४१२.६ वर टीप ३ असेल तर पेस्ट केल्यावर ४१२.६३ दिसतं आणि ते इतकं खरं वाटतं की कोणाला शंकासुद्धा येत नाही. ओळखायची खूण म्हणजे बाकी टेबल एका दशांशाचं आहे आणि एकच आकडा दोन दशांशांचा आलाय.

दुसरं, काही देशांच्या रिपोर्टमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात, तिथे १.२४८,३ म्हणजे एक हजार दोनशे अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन. असा रिपोर्ट असेल तर शीटमध्ये टाकतानाच आपल्या पद्धतीत बदलून घ्या आणि मग पुढे कुठेही परत हात लावू नका.

युनिट आकड्याला बांधून ठेवा

टेबलात युनिट एकदाच वर लिहिलेलं असतं, पण सारांशात टेबल राहत नाही. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत युनिट परत लिहायचं, वाक्य थोडं जड झालं तरी चालेल. "४१२.६ झाला" हे वाक्य अपुरं आहे, "४१२.६ मिलियन डॉलर झाला" हे पूर्ण.

पण "प्रति शेअर आकडे सोडून" हे जे चार शब्द आहेत ते विसरलात तर उलटा घोळ होतो, कारण मग ०.०२ च्या पुढेही मिलियन लागतं. लाभांश ०.०२ डॉलर प्रति शेअर आहे, तिथे मिलियनचा काही संबंध नाही. शेअरची संख्या, कर्मचाऱ्यांची संख्या, टनातलं उत्पादन, टक्के, हे सगळं एकाच टेबलात असू शकतं आणि वरचं युनिट त्यातल्या फक्त पैशांच्या ओळींना लागू असतं.

मिलियनचं लाख-कोटीत करावं का? माझं मत असं की रिपोर्टमध्ये जे युनिट आहे तेच सारांशात ठेवावं, म्हणजे वाचणारा मूळ रिपोर्ट उघडून तोच आकडा शोधू शकतो. वाचकांसाठी बदलायचंच असेल तर सगळे आकडे बदला, अर्धे मिलियनमध्ये अर्धे कोटीत असं करू नका. १ मिलियन म्हणजे १० लाख, १० मिलियन म्हणजे १ कोटी, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, तर ४१२.६ मिलियन डॉलर म्हणजे ४१.२६ कोटी डॉलर. इथे चूक झाली की ती थेट दहापट किंवा शंभरपट असते, म्हणून बदललेला आकडा उलट गुणून परत मूळ आकडा येतो का ते बघा. आणि चलन मात्र बदलू नका, कारण महसुलाला पूर्ण तिमाहीचा सरासरी दर लागतो आणि कर्जाला शेवटच्या दिवसाचा, आणि तुम्ही एकाच दराने दोन्ही बदललेत तर जो आकडा येईल तो कंपनीने कधी सांगितलेलाच नसतो.

कालावधी: सगळ्यात जास्त घोळ इथेच

तिमाही रिपोर्ट म्हणजे त्यातला प्रत्येक आकडा तिमाहीचा असतो असं नाही, आणि ही गोष्ट कळली की अर्धी लढाई जिंकली. एकाच रिपोर्टमध्ये तीन प्रकारचे काळ असतात. नफा-तोट्यात तिमाहीचे आकडे असतात आणि शेजारी वर्षाच्या सुरुवातीपासूनचे पण असतात. ताळेबंद एका दिवसाचा असतो. आणि रोख प्रवाहाचं पत्रक वर्षाच्या सुरुवातीपासूनचं असतं, आंतरराष्ट्रीय मानक आयएएस ३४ मध्ये ते तसंच मागितलेलं आहे, म्हणून बऱ्याच रिपोर्टमध्ये फक्त तिमाहीची रोख वेगळी छापलेलीच नसते.

त्यामुळे घाईच्या सारांशातलं "कंपनीने ९६.४ मिलियन रोख कमावली" हे वाक्य वाचणारा समजतो की तीन महिन्यांत एवढी रोख आली, खरं तर ती नऊ महिन्यांची आहे. तिमाहीचा आकडा हवाच असेल तर आधीचा सहामाही रिपोर्ट काढायचा, समजा त्यात सहा महिन्यांची रोख ७१.० आहे, तर ९६.४ वजा ७१.० म्हणजे २५.४ मिलियन डॉलर तिमाहीची. पण मग सारांशात स्पष्ट लिहा की हा आकडा वजाबाकी करून काढलेला आहे, कारण तो मूळ रिपोर्टमध्ये शोधून सापडणार नाही. मी स्वतः शक्यतो वजाबाकी करत नाही, "नऊ महिन्यांत" हे दोन शब्द टाकले की काम भागतं.

कर्जाचं पण असंच. नफा-तोट्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी होते, पण ताळेबंदाची तुलना मागच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाशी होते, हेही आयएएस ३४ मध्येच आहे. आपल्या उदाहरणात ३४२.० हा आकडा ३० जून २०२४ चा आहे, म्हणजे ३१.६ ची घट नऊ महिन्यांतली आहे. "वर्षभरात" हा शब्द लिहिणाऱ्याने सवयीने टाकला कारण वरच्या सगळ्या तुलना वर्षाच्या होत्या.

तिमाहीचं नाव तर स्वतंत्र डोकेदुखी आहे. "तिसरी तिमाही २०२५" म्हटलं तर जून अखेरच्या वर्षात ती ३१ मार्च २०२५ ला संपते, मार्च अखेरच्या वर्षात ३१ डिसेंबर २०२४ ला, आणि डिसेंबर अखेरच्या वर्षात ३० सप्टेंबर २०२५ ला. एकच नाव आणि तीन वेगळ्या तारखा. म्हणून सारांशात पहिल्यांदा तिमाहीचं नाव येईल तिथे शेवटची तारीख पूर्ण लिहायची, नंतर नुसतं "या तिमाहीत" चालतं. "मागची तिमाही" हा शब्द टाळाच, कोणी डिसेंबरची समजतं कोणी मागच्या मार्चची.

आणि सगळ्या तिमाह्या सारख्या लांबीच्या पण नसतात. काही कंपन्या ५२ किंवा ५३ आठवड्यांचं वर्ष धरतात. ॲपलचं उदाहरण प्रसिद्ध आहे, ३० डिसेंबर २०२३ ला संपलेली त्यांची तिमाही १३ आठवड्यांची होती आणि तुलनेतली आदल्या वर्षीची १४ आठवड्यांची, आणि महसुलातली वाढ २ टक्के सांगितली होती. हा एक आठवडा सारांशातून काढला तर २ टक्के आकडा बरोबर राहतो पण वाचणाऱ्याचा अंदाज चुकतो. आठवड्यांचा उल्लेख रिपोर्टमध्ये असेल तर तो सारांशात गेलाच पाहिजे, जागा कितीही कमी असो.

तुलना कशाशी

समजा रिपोर्टमध्ये डिसेंबर २०२४ च्या तिमाहीचा महसूल ४३१.२ असाही दिलेला आहे. आता मागच्या वर्षीच्या मार्चशी तुलना केली तर महसूल ५.८ टक्क्यांनी वाढला, आणि डिसेंबरशी केली तर ४.३ टक्क्यांनी घटला. दोन्ही खरं आहे. म्हणून नुसतं "वाढला" लिहायचं नाही, कशापेक्षा ते त्याच वाक्यात यायला हवं, पुढच्या वाक्यात नको कारण पुढचं वाक्य छाटलं जाऊ शकतं.

तुलनेचा आकडा नेहमी याच रिपोर्टच्या शेजारच्या रकान्यातून घ्या, मागच्या वर्षीच्या जुन्या रिपोर्टमधून नको. कंपन्या जुने आकडे पुन्हा मांडतात, एखादा विभाग विकला किंवा हिशेबाची पद्धत बदलली की तुलनेचा आकडा बदलतो. समजा मागच्या वर्षी ३९४.२ छापलेलं होतं आणि आता तिथे ३८९.९ आहे, तर जुना धरून वाढ ४.७ टक्के येते आणि नवा धरून ५.८. फरक दिसला तर तळटीप वाचा, "पुन्हा मांडलेले आकडे" असं तिथे लिहिलेलं असतं.

टक्के, कंस आणि राउंडिंग

"मार्जिन १ टक्क्याने घटलं" हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. १३.० वरून १२.० झालं तर घट एक पर्सेंटेज पॉइंटची आहे, म्हणजे १०० बेसिस पॉइंट. पण १३.० चा १ टक्का कमी झाला असं कोणी वाचलं तर उत्तर १२.८७ येतं. सोपा उपाय म्हणजे दोन्ही टोकं लिहा, "१३.० टक्क्यांवरून १२.० टक्क्यांवर", मग कोणाला काही विचारायची गरजच नाही. ऑपरेटिंग प्रॉफिट स्वतः २.४ टक्क्यांनी घटलाय, तो वेगळा आकडा आहे, मार्जिनच्या घटीशी मिसळू नका.

कंस हा हिशेबात वजा चिन्ह असतो. (३.८) म्हणजे ३.८ चा तोटा. घाईच्या सारांशात कंस गेला आणि तोट्याचा नफा झाला, म्हणून "३.८ वरून ६.२" असं आलं. सारांशात कंस न ठेवता "तोटा" हा शब्दच लिहा. आणि तोट्यातून नफ्यात आलेल्या आकड्याला वाढीचा टक्का लावू नका, आधार ऋण असला की टक्क्याला अर्थ राहत नाही. म्हणूनच बऱ्याच रिपोर्टमध्ये त्या जागी नुसती आडवी रेघ असते, ती रेघ भरून काढायचा मोह आवरा.

राउंडिंगचा नियम एकच, एकदाच आणि सगळ्यात शेवटी. टक्का काढायचा तो छापलेल्या पूर्ण आकड्यांवरून:

```
=ROUND((412.6-389.9)/389.9*100,1)
```

याचं उत्तर 5.8 येतं. पण सारांश सुटसुटीत दिसावा म्हणून आधी ४१३ आणि ३९० केलं आणि त्यावरून टक्का काढला तर ५.९ येतो. वाचणाऱ्याने कॅल्क्युलेटर काढला तर त्याला तुमचे आकडे आपसात जुळत नाहीत असं दिसेल. त्यामुळे टक्का कंपनीने छापलेला असेल तर तोच घ्या, आणि मूळ आकडे एका दशांशापर्यंत तसेच ठेवा. कधीकधी कंपनीचा छापलेला टक्का तुमच्या उत्तरापेक्षा ०.१ ने वेगळा येतो, कारण त्यांनी तो न राउंड केलेल्या आकड्यांवरून काढलेला असतो. तेवढा फरक सोडून द्या, पण ०.१ पेक्षा जास्त आला तर तुम्ही चुकीच्या ओळीतून आकडा घेतलाय का ते आधी बघा.

"सुमारे", "जवळपास", "पेक्षा जास्त" हे शब्द रिपोर्टमध्ये असतील तर ठेवा, नसतील तर आपल्याकडून टाकू नका. पुढच्या अंदाजाच्या बाबतीत तर हे फारच जपा. कंपनीने पूर्ण वर्षाचा महसूल १,६५० ते १,६८० मिलियन डॉलर राहील असं म्हटलं असेल तर सारांशात दोन्ही टोकं जायला हवीत, मधला १,६६५ काढून लिहिणं म्हणजे कंपनीने न केलेलं विधान तिच्या तोंडी घालणं.

तारखेला तिचं क्रियापद द्या

लाभांशाला तीन तारखा आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं. ६ मे ला मंजूर झाला, २३ मे ला ज्यांच्या नावावर शेअर आहेत त्यांना मिळणार, १२ जूनला पैसे जमा होणार. "६ मे रोजी लाभांश दिला" यात तारीख बरोबर आणि क्रियापद चूक, आणि ज्याला पैशांची वाट बघायची आहे त्याच्यासाठी तेच महत्त्वाचं होतं. जागा एकाच तारखेची असेल तर वाचणाऱ्याला जी लागेल ती ठेवा, बहुतेक वेळा रेकॉर्ड डेट, पण ती कशाची आहे ते लिहूनच.

महिना अक्षरात लिहा. ०६/०५/२०२५ हे कोणी ६ मे वाचेल कोणी ५ जून. स्प्रेडशीट तर कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे गुपचूप बदलून टाकते, म्हणून शीटमधला तारखेचा रकाना आधीच टेक्स्ट फॉरमॅटमध्ये करून ठेवा.

आता सारांश

शीट तयार असली की लिहिणं फारसं अवघड नाही:

> ३१ मार्च २०२५ रोजी संपलेल्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीचा कन्सॉलिडेटेड महसूल ४१२.६ मिलियन डॉलर झाला, मागच्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा ५.८ टक्के जास्त. याच तुलनेत ऑपरेटिंग प्रॉफिट ५०.७ वरून ४९.५ मिलियन डॉलरवर आला आणि मार्जिन १३.० टक्क्यांवरून १२.० टक्क्यांवर. निव्वळ नफा ६.२ मिलियन डॉलर, मागच्या वर्षी याच तिमाहीत ३.८ मिलियन डॉलरचा तोटा होता. १ जुलै २०२४ पासूनच्या नऊ महिन्यांत कामकाजातून ९६.४ मिलियन डॉलर रोख आली. निव्वळ कर्ज ३० जून २०२४ च्या ३४२.० मिलियन डॉलरवरून ३१ मार्च २०२५ ला ३१०.४ मिलियन डॉलरवर आलं. प्रति शेअर ०.०२ डॉलर अंतरिम लाभांश ६ मे २०२५ ला मंजूर झाला, रेकॉर्ड डेट २३ मे, पेमेंट १२ जून २०२५. आकडे ऑडिट न झालेले आहेत.

घाईच्या सारांशापेक्षा हा दुपटीहून लांब आहे. अजून कमी शब्द हवे असतील तर आकड्याचे शब्द छाटू नका, पूर्ण आकडाच काढून टाका. कर्जाची ओळ संपूर्ण गेली तरी सारांश खराच राहतो, पण कर्जाची तारीख गेली तर राहत नाही. मला विचाराल तर इथे आधी ऑपरेटिंग प्रॉफिटचा आकडा काढेन आणि मार्जिन ठेवेन, मग लाभांशाची मंजुरीची तारीख, मग रोख. "ऑडिट न झालेले" सगळ्यात शेवटपर्यंत राहील.

तपासणी उलट्या दिशेने करा, म्हणजे सारांशातून रिपोर्टकडे. सारांशाची शेवटची ओळ आधी घ्या आणि वर या, त्यामुळे वाक्याच्या ओघात वाहून न जाता प्रत्येक आकडा सुटा दिसतो. आकड्यावर बोट ठेवा, शीटमधल्या पान नंबरवर जा, आणि रिपोर्टमध्ये त्याची ओळ, रकान्याचं शीर्षक आणि टेबलाची वरची ओळ तिन्ही वाचा. शक्य असेल तर हे काम ज्याने सारांश लिहिला नाही त्याच्याकडून करून घ्या आणि त्याला शीट न देता फक्त सारांश आणि रिपोर्ट द्या. त्याला एखादा आकडा सापडला नाही तर एकतर तो तुम्ही काढलेला आहे आणि तसं लिहायचं राहिलंय, किंवा तो चुकलाय.

सारांशाच्या खाली एक ओळ ठेवा: कुठल्या रिपोर्टवरून केला आणि तो कधी प्रसिद्ध झाला. कंपन्या कधीकधी काही दिवसांनी सुधारित रिपोर्ट टाकतात, फाईलचं नाव तेच आणि आतला एखादा आकडा वेगळा, त्यामुळे तुम्ही वापरलेली पीडीएफ शीटसोबत सेव्ह करून ठेवा, कोणी आकडा जुळत नाही म्हणालं तर आधी दोघांकडे एकच रिपोर्ट आहे का ते बघता येतं.